बारशाचं 'कुर्रर्र' आणि आत्याचा मुतलेला ताप

हे प्रकरण माझ्या दवाखान्यातलं आहे. आईवडिलांच्या परवानगीने लिहितोय आणि कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून नाती सोडून गावं आणि बाकीचे बारकावे थोडे बदलले आहेत. औषधांचे डोस आणि दिवसांचा हिशेब मात्र जसाच्या तसा ठेवलाय, कारण या आजारात सगळी गंमत आणि सगळा घोळ दिवसांच्या हिशेबातच असतो.

बाळ एकवीस दिवसांचं होतं. पहिलटकरीण, बाळंतपण माहेरी, साधं, पूर्ण दिवसांचं. जन्मवजन २.९ किलो. अंगावर पीत होतं, वजन धरत होतं. एकविसाव्या दिवशी दुपारी आजी (आईची आई) त्याला दुपट्यात गुंडाळून आली आणि म्हणाली, "डॉक्टर, काल रात्रीपासनं हा पितच नाही. उठवला की दोन घोट घेतो की झोपतो. आणि हा कान बघा, टोचलेला पिकलाय."

कान खरंच टोचलेला होता. बाराव्या दिवशी, बारशाच्या सकाळी, सोनार घरी येऊन दोन्ही कान टोचून गेला होता. उजव्या पाळीवर खपली होती, पाळीच्या मागे आणि गालाच्या कडेला लालसर चकंदळ. दोन दिवस आधी गावातल्या एका डॉक्टरांनी 'कान पिकला' म्हणून अँटिबायोटिक मलम आणि थेंब दिले होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. टोचलेल्या कानावर फोड आले तर शंभरातले नव्व्याण्णव वेळा ते पूच असतं.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पुवाचे फोड वेगवेगळ्या आकाराचे असतात, आत पिवळं दिसतं, फुटले की मधासारखी खपली धरते. इथे तसं नव्हतं. कानामागे सात-आठ बारीक फोड, साबुदाण्याहून लहान, सगळे जवळजवळ एकाच मापाचे, एकमेकांना चिकटून बसलेले, बुड लाल. दोन फुटलेले होते आणि त्यांच्या जागी गोल, उथळ जखमा, कडा नक्षी काढल्यासारख्या. असा गुच्छ नवजात बाळाच्या अंगावर दिसला की मी बाकीचं सगळं बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारतो. तोच विचारला.

"घरात गेल्या पंधरा दिवसांत कुणाच्या ओठावर फोड आले होते?"

आजी म्हणाल्या, "आमच्यात कुणाच्या नाही." मग थांबून, आठवून: "पोराच्या आत्याचा ताप मुतला होता. बारशाला आली तेव्हा. पण ते काय, तिला नेहमीच होतं."

ताप मुतणं हा शब्द अनेक वाचकांच्या घरात असेल. दोन दिवस ताप येतो, उतरतो आणि उतरता उतरता ओठाच्या कडेला पाणेरी पुळ्यांचा झुबका येतो. कुठे 'कोळी फिरला' म्हणतात. काही लोक त्याला नागीण म्हणतात, ते मात्र चूक. नागीण कांजण्यांच्या विषाणूची, शरीराच्या एका बाजूला पट्ट्यासारखी उठणारी, झालीच तर बहुतेकदा आयुष्यात एकदाच होणारी. ओठावर पुन्हा पुन्हा येणारं दुखणं हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचं, बहुतेकदा त्याच्या पहिल्या प्रकाराचं. दोघे चुलतभाऊ आहेत, पण वागणूक वेगळी.

आत्याची गोष्ट आईने सांगितली. ती नवऱ्याच्या बहिणीला वन्सं म्हणते. वन्संना आठवडाभर आधी दोन-तीन दिवस ताप होता. तो उतरला, मग मार्चच्या उन्हात चार तासांचा एसटीचा प्रवास. बारशाच्या आदल्या संध्याकाळी पोचल्या तेव्हा खालच्या ओठात चुरचुर होती, सकाळी फोड आले. त्यांनी तूप चोपडलं आणि कामाला लागल्या. आणि बारशाचं मुख्य काम तर आत्याचंच. पाळण्यावर वाकायचं, तोंड बाळाच्या कानाला लावायचं, नाव सांगायचं आणि 'कुर्रर्र' करायचं. भोवतीच्या बायका तेवढ्यात आत्याच्या पाठीत धपके घालतात. व्हिडिओ मोबाइलमध्ये होता, मी पाहिला. प्रत्येक धपक्याला आत्याचा ओठ बाळाच्या उजव्या कानावर टेकत होता. त्याच पाळीला सकाळी सोनाराने भोक पाडलं होतं.

ओठावरचा फोड फुटण्याच्या बेतात असताना त्यातल्या पाण्यात विषाणू सर्वांत जास्त असतो. अखंड त्वचेतून त्याला आत जायला अवघड जातं, खरचटलेल्या, टोचलेल्या त्वचेतून सोपं. बारावा दिवस, मग सहा दिवस काही नाही, अठराव्या दिवशी कानामागे पहिला फोड. हर्पिसला अंगात शिरल्यापासून दिसू लागायला साधारण दोन ते बारा दिवस लागतात. हिशेब जुळत होता.

आईला कधीच झालं नव्हतं

मी आईला विचारलं, "तुम्हाला कधी ओठावर असं आलंय? लहानपणी तोंड भरून फोड, हिरड्या सुजणं?" ती म्हणाली, कधीच नाही. तिच्या आईने अभिमानाने दुजोरा दिला, "आमच्या घरात असलं काही नव्हतं कधी."

ऐकायला बरं वाटणारं हे उत्तर मला नको होतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात. ज्या आईला ओठावर वर्षानुवर्षं येतं, तिच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं असतात आणि त्यांची शिदोरी घेऊनच तिचं बाळ जन्मतं. ती पूर्ण कवच नव्हे, पण विषाणू अंगात शिरला तरी त्याला पसरू देत नाही असं बऱ्याचदा घडतं. ज्या आईला हा विषाणू कधी भेटलाच नाही, तिच्याकडे द्यायला काही नसतं. आत्याच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर होती, पण ती आत्याच्या उपयोगाची. बाळ कोरडंच होतं. पुढे आईच्या रक्ताचा तपास केला तेव्हा हर्पिसच्या पहिल्या प्रकाराची प्रतिपिंडं खरंच नव्हती.

जगात पन्नाशीच्या आतल्या जवळजवळ दोन तृतीयांश माणसांच्या अंगात हा विषाणू आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे हे माहीतही नसतं. मग सगळी बाळं आजारी का पडत नाहीत, तर बऱ्याच अंशी या शिदोरीमुळे. म्हणूनच नवजात बाळाचा हर्पिस दुर्मीळ आहे, जगभराचा ढोबळ अंदाज दहा हजार जन्मांमागे एक. दुर्मीळ असल्यामुळेच तो चुकतो.

पहिला तास

बाळ तपासलं. वजन ३.२ किलो. काखेतलं तापमान ३७.१, म्हणजे ताप नाही. 'ताप नाही म्हणजे जंतू नाही' हा समज महिन्याच्या आतल्या बाळाला लावू नये, हर्पिसमध्ये तर अनेक बाळांना ताप येतच नाही. टाळू किंचित भरलेली. पायाला चिमटा काढला तर उशिरा, कसंबसं रडलं. यकृत लागत नव्हतं, डोळे स्वच्छ, तोंडात फोड नव्हते.

नवजात बाळात हा आजार तीन रूपांत दिसतो. एक, त्वचा, डोळे, तोंड एवढ्यावरच थांबलेला. दुसरा मेंदूत गेलेला. तिसरा रक्तातून यकृत, फुप्फुसं, सगळीकडे पसरलेला. पहिल्यातून बाळ सहसा सुखरूप सुटतं, पण उपचार झाले नाहीत तर तो पहिल्यावर थांबून राहत नाही. तिसऱ्यात, उपचार देऊनही, जवळपास तीनातलं एक बाळ दगावतं. आणि मेंदूतल्या किंवा पसरलेल्या आजारात बऱ्याच बाळांच्या अंगावर एकही फोड नसतो, तिथे ओळखायचं फक्त सुस्ती, न पिणं आणि झटक्यांवरून. आमच्या या बाळाने निदान कान तरी दाखवला होता.

नुसते फोड असते तरी मी दाखल करून शिरेतून औषध दिलं असतं. इथे फोड आणि सुस्ती दोन्ही. म्हणजे विषाणू मेंदूत गेलाय असं धरूनच चालायचं.

एका फोडाचं बूड काचपट्टीच्या कडेने हलकेच खरवडलं, पट्टीवर पसरलं, गिम्साचा रंग दिला. वीस मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली मोठाल्या पेशी दिसल्या, एकेका पेशीत पाच-सहा केंद्रकं एकमेकांना दाबून बसलेली. याला झँक स्मिअर म्हणतात, जुनी तपासणी आहे. ती हर्पिस आणि कांजण्या वेगळ्या ओळखू शकत नाही, आणि काही दिसलं नाही म्हणून हर्पिस नाही असंही म्हणता येत नाही. पण तालुक्याच्या गावी, पुण्याहून पीसीआरचा रिपोर्ट यायला तीन दिवस लागतात तिथे, बाप समोर उभा असताना काचेवर काहीतरी दाखवता येणं याला किंमत आहे.

पीसीआरसाठी स्वॅब घेतले: फोडाचा, मग दोन्ही डोळे, तोंड, घसा, गुदद्वार. रक्त घेतलं. यकृताची तपासणी, प्लेटलेट, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन. आणि पाठीतलं पाणी. आजी त्याला तयार नव्हत्या. "मणक्यात सुई घातली की पोर लुळं होतं" हे त्यांनी तीनदा सांगितलं. मी त्यांना एवढंच म्हटलं, "आजी, सुई जिथे घालतो तिथे मज्जारज्जू संपलेला असतो. आणि हे पाणी पाहिलं नाही तर औषध चौदा दिवस द्यायचं की एकवीस, हेच मला कळणार नाही." त्या देवाचं नाव घेत बाहेर जाऊन बसल्या. पाण्यात ४६ पेशी निघाल्या, बहुतेक लिम्फोसाइट. या वयात त्या पंधराच्या आत असायला हव्यात. प्रथिनं १३८. साखर ठीक.

रिपोर्टची वाट न बघता असायक्लोव्हिर सुरू केलं. या आजारात नियमच तो आहे: संशय आला की औषध आधी, खात्री नंतर. खात्री उलटी निघाली तर तीन दिवसांत औषध बंद करता येतं. उलट बाजूने गेलेले तीन दिवस परत मिळत नाहीत.

डोस किलोमागे २० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. ३.२ किलोला ६४ मिलिग्रॅम. २५० मिलिग्रॅमची कुपी १० मिली पाण्यात विरघळवली की प्रत्येक मिलीत २५ मिलिग्रॅम येतं, म्हणजे २.५६ मिली काढायचं. तसंच्या तसं शिरेत सोडायचं नाही. ते सलाईनमध्ये पातळ करून जवळपास १३ मिली करायचं आणि सिरिंज पंपावर पूर्ण एक तास लावून द्यायचं. कारणं दोन. घाईत गेलं तर औषधाचे स्फटिक मूत्रपिंडाच्या नळ्यांत बसतात आणि क्रिएटिनिन चढतं, म्हणून बाळाला पाणी कमी पडू द्यायचं नाही आणि लघवी मोजायची. शिवाय हे औषध फार अल्कधर्मी असतं. शिरेबाहेर झिरपलं तर कातडी भाजते. आमच्या नर्सबाई तासभर सुईच्या जागेवर बोट ठेवून बसत. एकवीस दिवस हातापायांच्या शिरा पुरत नाहीत म्हणून चौथ्या दिवशी दंडातून लांब नळी घातली.

सोबत अँटिबायोटिकही सुरू केलं, कारण सुस्त नवजात बाळात जंतूंचा मेंदूज्वर नाही हे पहिल्या दिवशी कोण सांगणार? जेंटामायसिन मात्र टाळलं. ते आणि असायक्लोव्हिर, दोघांचा भार मूत्रपिंडावर. पाण्याचं कल्चर निरंक आल्यावर अँटिबायोटिक बंद केलं.

आईने विचारलं, "मलम नाही का लावायचं?" नाही. बाळाच्या हर्पिसवर मलमाचा काडीचा उपयोग नाही. उलट वरून कोरडं दिसतं आणि आत आजार चालू राहतो. दोन दिवस नेमकं तेच झालं होतं.

रात्र आणि कुजबुज

त्याच रात्री दोन वाजता बाळाचा डावा गाल आणि डावी मूठ तालात उडू लागली. मूठ धरली तरी थांबेना. बाळांची अंगं झोपेत दचकतात, ते धरलं की थांबतं, फिट धरून थांबत नाही. फिनोबार्बिटोन दिलं, वीस मिनिटांत शांत झालं. दुसऱ्या दिवशी मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, म्हणजे ईईजी काढला, त्यात उजव्या कानशिलाच्या भागातून टोकदार लहरी, एमआरआयत त्याच भागात रुपयाएवढा डाग. चोविसाव्या दिवशी रिपोर्ट आले: फोड आणि पाठीतलं पाणी, दोन्हीत हर्पिस सिम्प्लेक्स, प्रकार एक. रक्तात नाही, यकृत नीट. म्हणजे मेंदूपर्यंत गेलेला, पण सर्वत्र न पसरलेला.

एवढ्यात दुसरीच भानगड उभी राहिली. बाळाच्या काकाने मोबाइलवर 'हर्पिस' शोधलं आणि वाचलं की हा गुप्तरोग आहे. संध्याकाळपर्यंत नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर सासरचे एकीकडे आणि माहेरचे एकीकडे. सुनेकडे कुणी बघेना.

हा प्रश्न खोटा नाही, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. नवजात बाळांचा बहुतेक हर्पिस खरंच जन्ममार्गातून येतो, दहातल्या साधारण साडेआठ बाळांत. आईला शेवटच्या महिन्यात पहिल्यांदाच जननेंद्रियाचा हर्पिस झाला तर धोका सर्वांत मोठा, जुना असेल तर फार कमी. कारण तेच, प्रतिपिंडांची शिदोरी तयार व्हायला वेळ मिळतो की नाही. जन्मानंतर कुणाच्या ओठातून वा बोटातून येणारा साधारण दहातला एक. तेव्हा आईला विचारावं लागतंच, पण एकटीला, दार लावून. मी विचारलं. तिला तशी कसलीही तक्रार कधी नव्हती. जन्ममार्गातून आलेला आजार सहसा डोक्यावर, चेहऱ्यावर किंवा प्रसूतीच्या वेळी खरचटलेल्या जागी सुरू होतो. आमच्याकडे फोड टोचलेल्या पाळीमागे होते, बारशानंतर सहाव्या दिवशी, आणि बारशाचा व्हिडिओ होता. आईच्या रक्तात तर या विषाणूचा मागमूस नव्हता. ज्या विषाणूशी तिची कधी गाठच पडली नाही, तो ती देणार कशी? मी दोन्ही घरांना एकत्र बसवून एवढंच सांगितलं. काकांना वेगळं सांगितलं की हा साधा आणि सर्वत्र असणारा विषाणू आहे, लहानपणी कुणीतरी लाडाने पापा घेतला की येतो.

यात एक नवं दुखणं तयार झालं. सुनेवरचा संशय गेला तो थेट आत्यावर जाऊन बसला. आत्या बँकेत नोकरीला, अविवाहित, भाच्यासाठी चांदीचा वाळा घेऊन आलेली. ती तिसऱ्या दिवशी माझ्या केबिनमध्ये येऊन उभीच राहिली. ओठावरची खपली अजून होती.

आत्याची गोळी

तिला वर्षातून सात-आठ वेळा येतं. ताप आला की, मार्चअखेरचे हिशेब आले की, पाळीच्या आधी, उन्हातून फिरलं की. "शाळेत असल्यापासून आहे डॉक्टर, जात का नाही?"

जात नाही, कारण तो ओठात राहतच नाही. पहिल्या संसर्गानंतर विषाणू चेहऱ्याच्या चेतातंतूवरून वर चढतो आणि कानाच्या पुढे, कवटीच्या बुडाशी असलेल्या चेतापेशींच्या गाठीत जाऊन झोपतो. झोपलेला असताना तो स्वतःच्या प्रती काढत नाही. ताप, ऊन, जागरण, ताण यांनी पहारा ढिला पडला की जागा होतो आणि त्याच तंतूवरून खाली, ओठाच्या जवळपास त्याच जागी उतरतो. असायक्लोव्हिर आणि व्हॅलासायक्लोव्हिर या गोळ्या विषाणू प्रती काढत असतानाच त्याला अडवतात. विषाणूचंच एक एन्झाइम औषधाला कामाचं रूप देतं, म्हणून निरोगी पेशींना फारसा त्रास होत नाही. पण झोपलेल्याला त्या काहीच करू शकत नाहीत. हे औषध शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८मध्ये नोबेल मिळालं, आणि अजूनही झोपलेल्या हर्पिसला उठवून मारेल असं औषध आपल्या हाती नाही.

म्हणून गोळीची वेळ महत्त्वाची. फोड दिसायच्या आधी काही तास ओठात चुरचुर, ताण, गरमपणा जाणवतो. आत्याला तो नेमका ओळखता येत होता, इतक्या वर्षांचा सराव. तेव्हाच व्हॅलासायक्लोव्हिर २ ग्रॅम, आणि बारा तासांनी पुन्हा २ ग्रॅम. एका दिवसात काम संपतं. दुखणं साधारण एका दिवसाने कमी होतं, कधी फोड उठतच नाही. एक दिवस म्हणजे फार नव्हे, हे मी लपवत नाही. फोड फुटून खपली धरल्यावर घेतलेली गोळी तर जवळपास वाया. असायक्लोव्हिर घ्यायचं तर ४०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, पाच दिवस. दुकानातून आणलेल्या मलमाचा फायदा याहून कमी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे डोस कमी करावे लागतात, म्हणून स्वतःच्या मनाने नकोत.

सात-आठ वेळा येत असेल तर रोजची गोळी हा दुसरा मार्ग, व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम दिवसाला एक, सहा महिने घेऊन मग फेरविचार. आत्याने तो घेतला. मी तिला एक गोष्ट दोनदा सांगितली: रोजची गोळी घेतानाही लाळेतून विषाणू कधीमधी बाहेर पडतोच, फोड नसतानाही. गोळी म्हणजे बाळाचा पापा घ्यायचा परवाना नव्हे. चुरचुर सुरू झाल्यापासून खपली पूर्ण गळेपर्यंत नवजात बाळापासून तोंड लांब, फोड झाकलेला, मास्क, आणि ओठाला हात लागला की साबणाने धुवायचा. गुटी चाटवणारं बोट, मध लावणारं बोट हे त्याच हिशेबात. (मध तर वर्षाच्या आत मुळीच नको, पण तो दुसरा विषय.)

इथे एक फाटा फुटतो, तोही सांगतो, कारण फोनवर हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. ओठावर फोड खुद्द आईला आला तर? दूध तोडायचं नाही. दुधातून हा विषाणू जात नाही. मास्क लावून, हात धुऊन, पापे न घेता पाजायचं. फोड स्तनावर असेल तरच त्या बाजूने पाजायचं नाही, आणि फोडाला लागलेलं काढलेलं दूधही द्यायचं नाही. दुसरी बाजू चालते. आईने असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर घेतलं तरी पाजता येतं.

एकवीस दिवस आणि पुढचे सहा महिने

उपचारांच्या चौथ्या दिवशी बाळ स्वतःहून ओरडून दूध मागू लागलं. आजी लगेच म्हणाल्या, "आता बरा झाला, घरी सोडा." कानही तोवर साफ होता. बरं दिसणं आणि मेंदूतून विषाणू जाणं यात दोन आठवड्यांचं अंतर असतं, हे पटवण्यात माझा रोज एक चहा गेला. उपचारांच्या एकोणिसाव्या दिवशी पाठीतलं पाणी पुन्हा काढलं. पीसीआर निरंक आला म्हणून एकविसाव्या दिवशी शिरेतलं औषध थांबवलं, नाहीतर आणखी आठवडा चालवावं लागलं असतं. मधे पांढऱ्या पेशींतले न्यूट्रोफिल ८००पर्यंत उतरले. हा औषधाचा ठरलेला दुष्परिणाम. ५००च्या खाली गेले असते तर विचार करावा लागला असता. ते तिथेच थांबले आणि मग वर चढले.

घरी जाताना असायक्लोव्हिरचं सिरप, सहा महिने. शरीराच्या पृष्ठभागावर डोस ठरतो, चौरस मीटरला ३०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. ३.४ किलोच्या या बाळाला ते ६७ मिलिग्रॅम आलं, ४०० मिलिग्रॅम प्रति ५ मिलीच्या सिरपमधून, थेंबांनी नव्हे, सिरिंजने मोजून ०.८ मिली. थेंबांचा उल्लेख मुद्दाम केला: पहिल्या आठवड्यात घरी ड्रॉपरने थेंब मोजून अर्धाच डोस जात होता, ते बाटली फार भरलेली दिसली म्हणून कळलं. दर महिन्याला वजन वाढलं की डोस वाढवायचा, न्यूट्रोफिल बघायचे. मेंदूत गेलेल्या बाळांत या सहा महिन्यांच्या सिरपने पुढची वाढ बरी होते हे अमेरिकेतल्या एका चाचणीत दिसलं, ती २०११मध्ये प्रसिद्ध झाली. त्यामुळे आता हे बहुतेक ठिकाणी देतात.

आठव्या महिन्यात बाळ तपासायला आणलं. छान बसत होतं, हसत होतं. मी खुळखुळा डावीकडून पुढे केला. त्याने उजवा हात छातीवरून ओलांडून आणला आणि खुळखुळा घेतला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आजी कौतुकाने म्हणाल्या, "उजवाच हात चालवतो, बापासारखा." या वयात मूल डावं-उजवं नसतं. वर्षाच्या आत एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हाताची चौकशी करायची असते. डावी मूठ किंचित मिटलेली राहत होती. त्याच आठवड्यात फिजिओथेरपी सुरू केली.

चौदाव्या महिन्यात तो चालत माझ्या टेबलापर्यंत आला, डावा हात अजून उजव्याच्या मागे आहे पण पेढा दोन्ही हातांनी धरतो. झटके परत आले नाहीत. कानावर वर्षभरात दोनदा चार-पाच फोड उठले, त्याच जागी. त्याचाही विषाणू आता त्याच्या चेतापेशींत झोपलेला आहे, आत्यासारखाच.

सोबत आत्या आली होती, ओठ स्वच्छ, पर्समध्ये व्हॅलासायक्लोव्हिरची पट्टी. मी सिरिंज, वजनकाटा आवरत होतो तेवढ्यात तो तिच्याकडे झेपावला आणि तिने सवयीने मान मागे घेतली. मी म्हटलं, "अहो, आता चालतं. तो मोठा झालाय, आणि ओठावर काही नाही तुमच्या." तिने घेतलं त्याला, पण गाल त्याच्या डोक्याला लावला, ओठ नाही.